'उद्या जाईल' मध्ये काय राहून गेलं

प्रश्न: "आमचा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. मी दिवसभर मशीनवर असतो, त्यामुळे गिऱ्हाइकांना उत्तरं फोनवरूनच देतो. मंगळवारी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पर्चेस मॅडमचा निरोप आला: '5 प्लायचे 2000 बॉक्स गुरुवारपर्यंत मिळतील ना? मागच्या लॉटमधल्या 60 बॉक्सचं प्रिंटिंग पुसट आहे, त्याचं काय करायचं? नवीन दर कधीपासून?' मी पाच मिनिटांत लिहिलं, 'उद्या जाईल'. संध्याकाळी त्यांनी वडिलांना फोन करून सांगितलं, तुमच्या मुलाला आमच्याशी बोलायला वेळ नसतो वाटतं. थोडक्यात लिहिणं एवढं वाईट आहे का? की दर वेळी 'नमस्कार, आपण कुशल असाल अशी आशा' लिहायचं?"

नको, आशाही नको आणि कुशलही नको. ज्या बाई पॅकिंगच्या लाइनसाठी खोक्यांची वाट बघतायत त्यांना कोणी तब्येत विचारावी अशी अपेक्षा नसते. उत्तर लहान होतं म्हणून त्या चिडल्या असंही मला वाटत नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही एकीचं उत्तर दिलंत, आणि तेही अर्धं.

अर्धं कसं ते सांगते. 'जाईल' म्हणताना तुम्ही तुमच्या गेटवर उभे असता. गाडी भरली, सुटली, तुमच्या दृष्टीने माल गेला. मॅडम त्यांच्या गेटवर उभ्या असतात. त्यांना माल आत आलेला हवा असतो. निघणं आणि पोहोचणं यात कधी चार तास असतात, कधी दोन दिवस. त्यांनी विचारलं होतं 'गुरुवारपर्यंत मिळतील ना', तुम्ही सांगितलंत 'उद्या जाईल'. तुमच्या डोक्यात टेम्पो सकाळी सुटून दुपारी पोहोचणार हे पक्कं होतं, पण ते तुमच्या डोक्यातच राहिलं. शिवाय किती जाईल? पुरे दोन हजार, की आज डायकटिंग होऊन बांधून झाले तेवढे? बॉक्सची व्यवस्था लावणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याला परत विचारावं लागतं, आणि परत विचारायला लागलं की माणसाला वाटतं, याने आपलं वाचलंच नाही.

त्यातून त्या साठ बॉक्सबद्दल एक अक्षर नाही. तक्रार करणाऱ्याने मोजून आकडा दिलाय. म्हणजे कोणीतरी गठ्ठे सोडून, एकेक खोकं उजेडात धरून पाहिलंय. त्यावर काहीच न बोलणं हे 'आमच्याशी बोलायला वेळ नाही' यापेक्षा वेगळं दिसत नाही. त्यांनी तुमच्या वडिलांना तेच सांगितलं, आणि खरं सांगायचं तर बरंच सौम्यपणे सांगितलं.

मी कोल्हापुरात एका मशीन शॉपमध्ये 21 वर्षं डिस्पॅच आणि गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. सुरुवातीची वर्षं टेबलावरच्या कॉम्प्युटरवर गेली. आता निम्म्याहून जास्त उत्तरं मी गोडाऊनमध्ये, गाडीशेजारी किंवा रिक्षात बसून देते. त्यामुळे टेबलावर बसून निवांत लिहा, हा सल्ला मी देणार नाही, तो आपल्या कामात बसत नाही. लहान उत्तर देण्याची एकच कसोटी मी पाळते: हे उत्तर समोरच्या माणसाने जसंच्या तसं पुढे ढकललं तर चालेल का?

याचं कारण पर्चेसचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. तुमच्या मॅडम तो निरोप स्वतःजवळ ठेवत नाहीत. बॉक्स कधी येणार हे त्यांना स्टोअरला सांगायचंय, पुसट छपाईचं क्वालिटीवाल्याला, दराचं अकाउंट्सला किंवा साहेबांना. तुमचं उत्तर पुरं असेल तर त्या बोट दाबून ते फॉरवर्ड करतात आणि मोकळ्या होतात. 'उद्या जाईल' कोणाला फॉरवर्ड करणार? स्टोअरवाला विचारेल, काय जाईल? मग त्यांनाच बसून लिहावं लागतं की अमुक पार्टी म्हणते माल उद्या निघेल बहुतेक. तुम्ही तुमचे वीस सेकंद वाचवलेत आणि त्यांची दहा मिनिटं घेतलीत. राग त्या दहा मिनिटांचा आहे.

आता तेच उत्तर या कसोटीवर लिहून बघू. मी असं लिहिलं असतं:

"हो मॅडम, 2000 बॉक्स उद्या बुधवारी सकाळी निघतील, दुपारी 2 पर्यंत तुमच्याकडे पोहोचतील. पुसट 60 बाजूला ठेवा, त्यांचं काय करायचं ते आज 5 पर्यंत सांगतो. दरांचं पत्रक उद्या मेल करतो."

तीसेक शब्द आहेत. मशीनशेजारी उभं राहून लिहायला मिनिट, दीड मिनिट. यात नमस्कार नाही, आभार नाहीत, 'आपला विश्वासू' नाही. तरी कोणी याला तुसडं म्हणणार नाही. का, ते बघण्यासारखं आहे.

पहिला शब्द 'हो'. त्यांनी 'मिळतील ना' असं विचारलं होतं, त्या 'ना' ला 'हो' हेच उत्तर आहे. ते आधी आलं की पुढचं सगळं त्या निवांत वाचतात. फोनच्या बंद पडद्यावर निरोपाचे पहिले काही शब्दच दिसतात. तिथे 'हो मॅडम, 2000 बॉक्स' एवढं दिसलं तरी निम्मं काम झालं. नकार असेल तरी हेच. नकार शेवटी दडवून ठेवला की वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

मग 'उद्या बुधवारी'. नुसतं 'उद्या' हा शब्द फोनवर फार दगा देतो. तुम्ही मंगळवारी लिहिता, त्या रात्री अकराला वाचतात, स्टोअरला बुधवारी सकाळी फॉरवर्ड करतात. स्टोअरवाल्याच्या दृष्टीने आता 'उद्या' म्हणजे गुरुवार. वार लिहिला की हा घोळच होत नाही. आमच्याकडे नवीन पोराला मी पहिल्या आठवड्यात हीच एक गोष्ट शिकवते, बाकी मागाहून.

'निघतील' आणि 'पोहोचतील' दोन्ही लिहिलेत, कारण दोन्ही लागतात. निघण्यावरून त्या तुम्हाला धरू शकतात, पोहोचण्यावरून त्या आपली माणसं उतरवायला ठेवू शकतात. पोहोचायची वेळ तुमच्या हातात नसेल, म्हणजे ट्रान्सपोर्टने माल पाठवत असाल, तर मी पोहोचण्याचा वार लिहिते, तास नाही. हातात नसलेला तास देऊन पुढे तोंड लपवण्यापेक्षा ते बरं.

आणि साठ बॉक्स. तुम्हाला त्या क्षणी उत्तर माहीत नव्हतं, हे मी धरून चालते. प्लेट झिजली होती, शाई पातळ झाली होती की ओल्या लायनरवर छापलं गेलं, हे मशीनवरच्या माणसाला विचारल्याशिवाय तुम्ही सांगू शकत नाही. माहीत नसेल तर माहीत नाही. पण 'बघतो' आणि 'आज 5 पर्यंत सांगतो' यात फरक आहे. 'बघतो' हा मराठीतला सगळ्यात स्वस्त शब्द आहे. घरात मुलगा 'बघतो' म्हणाला की आई समजते, काम होणार नाही. धंद्यातही वाचणारा तेच समजतो. वेळ दिली की तोच निरोप जबाबदारीचा होतो. मात्र पाचला सांगायचंच. काही कळलं नसेल तर पाचला 'मशीनवाला उद्या सकाळी येणार, 11 ला सांगतो' एवढं तरी. दिलेली वेळ एकदा चुकली की पुढच्या सगळ्या वेळा 'बघतो' च्या भावात जातात.

'बाजूला ठेवा' हे मी मुद्दाम घातलं. त्यांनी विचारलं होतं 'काय करायचं', आणि आत्ता या क्षणी काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. ते बॉक्स वापरात गेले तर नंतर किती पुसट होते याचा वाद होतो.

दराचं मात्र फोनवरून एका ओळीत सांगू नका, पाठ असला तरी. दर, रद्द केलेली ऑर्डर, पैशाचा वाद आणि मालाची मोठी नाराजी, या गोष्टी मी फोनवरून थोडक्यात लिहीत नाही. त्यांची वेळ सांगते आणि मग टेबलावर बसून लिहिते. दराच्या निरोपात कुठल्या साइजचा, कुठल्या कागदाचा, टॅक्स धरून की सोडून, कधीच्या ऑर्डरपासून, एवढं यावं लागतं. ते अंगठ्याने लिहिताना एखादं सुटतंच.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. 2014 सालची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या एकाच मेलच्या साखळीत दुपारी दोन निरोप आले. एकात विचारलं होतं, डिलिव्हरी शुक्रवारऐवजी शनिवारी चालेल का. दुसऱ्यात ड्रॉइंगचं नवीन रिव्हिजन होतं, बोअरचा टॉलरन्स बदललेला, आणि खाली ओळ: कृपया मान्य असल्याचं कळवा. मी बस स्टँडवर होते. फोनवर मला शनिवारचा निरोप दिसला, मी लिहिलं 'चालेल' आणि बसमध्ये चढले. त्यांच्याकडे ते 'चालेल' नवीन ड्रॉइंगच्या खाली जाऊन बसलं. त्यांनी धरलं की आम्ही बदल मान्य केला. आमच्या शॉपमध्ये ते ड्रॉइंग कोणी पाहिलंच नव्हतं. 180 नग जुन्या मापाने झाले आणि परत आले. त्यांची चूक काढायला मला जागाच नव्हती. त्यांनी विचारलं, मी 'चालेल' म्हटलं.

त्या दिवसापासून मी 'चालेल', 'ओके', 'ठीक', 'हो' हे शब्द एकटे पाठवत नाही. 'शनिवार चालेल.' 'ड्रॉइंग मिळालं, तपासून उद्या गुरुवारी सांगते.' कशाला हो आणि कशाला नाही, हे दोन शब्दांत येतं. नुसता अंगठा तर नाहीच. कॅनडाच्या सस्काचेवान प्रांतात याच अंगठ्यावरून खटला झाला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवून 'करार कन्फर्म करा' असं लिहिलं, त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. माल पोहोचला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे फक्त 'मिळालं'. 2023 मध्ये कोर्टाने तो अंगठा सहीसारखा धरला आणि त्याला सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. आपल्याकडे तसंच होईल असं नाही, पण पाहणाऱ्याला अंगठ्याचे दोन अर्थ दिसतात हे तर दिसलंच. 'मिळालं' म्हणायचं असेल तर 'मिळालं' लिहावं. तेवढीच अक्षरं लागतात.

आता सुराबद्दल. तुमची खरी चिंता हीच आहे, पण ती मी मुद्दाम मागे ठेवली. उत्तर पुरं असेल तर सुराचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. तरी मराठीत काही जागा आहेत जिथे फोन आपला गळा दाबतो.

बोलताना आपण 'जरा', 'बरं का', 'ना', 'हां' हे शब्द वाक्यात पेरत जातो. 'चलन जरा पाठवा ना' आणि 'चलन पाठवा' यात मजकूर एकच, पण पहिलं ऐकताना माणूस हसतो. फोनवर लिहिताना आपण आधी हेच शब्द गाळतो, कारण त्यांना अर्थ नाही असं वाटतं. मग 'चलन पाठवा' हा हुकूम दिसतो. आता कोणी म्हणेल की 'पाठवा' हे आदरार्थीच रूप आहे. आहेच. पण साहेबाच्या तोंडचंही तेच असतं, त्यामुळे बाजू कोणती हे कळत नाही. याच्यावर काही लोकांचा उपाय असतो 'पाठवावे', 'कळवावे', 'सहकार्य करावे'. तो मला पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कळवावे' वाचलं की नोटीस बोर्ड आठवतो. मी प्रश्न करते: 'चलन आज पाठवाल का? बिल अडकलंय.' शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. कारण दिलं की विनंती आपोआप विनंती वाटते, वेगळं 'कृपया' घालावं लागत नाही.

दुसरी जागा संबोधनाची. मराठीत 'मॅडम', 'सर', 'साहेब', 'काका', 'अण्णा' या एका शब्दावर फार काम होतं. बोलताना तो शब्द दर वाक्याला येतो, लिहिताना गायब होतो. तो एकदा घाला, पहिल्या दोन-तीन शब्दांत. 'हो मॅडम' पुरे. शेवटी परत 'मॅडम' नको, ते लाडीगोडी वाटतं. आणि एकदा 'तुम्ही' म्हटलं की निरोपभर 'तुम्ही'. अर्ध्यात 'आपण' येतं तेव्हा वाचणाऱ्याला शंका येते की वरचं वाक्य कुठून तरी उचललंय.

पूर्णविरामाबद्दल मला बरेच जण विचारतात. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 126 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. मेसेजमधलं एका शब्दाचं उत्तर पूर्णविरामासह असेल तर ते मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक पडला नाही. तो इंग्रजी मेसेजांवरचा आणि कॉलेजच्या मुलांवरचा प्रयोग आहे. पन्नाशीच्या पर्चेस मॅडमला पूर्णविराम टोचतो का, हे त्यावरून ठरवू नये. माझ्या अनुभवात त्यांना पूर्णविराम नसलेला, एकात एक गुंतलेला निरोपच जास्त खटकतो. माझा नियम असा की एका शब्दाला पूर्णविराम नाही, दोन वाक्यं झाली की पूर्णविराम आहे. आणि एका शब्दाचं उत्तर द्यायचंच कमी केलं की हा वाद आपोआप संपतो.

निष्काळजीपणाचं आता. इथे दोष तुमचा कमी आणि कीबोर्डचा जास्त असतो, पण नाव तुमचंच जातं. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड वापरत असाल तर `mal` लिहिलं की 'माल' च्या जोडीला 'मल' ही येऊ शकतो, आणि घाईत अंगठा कुठे पडेल सांगता येत नाही. 'मल उद्या पाठवतो' हा निरोप आमच्याकडून एकदा गेलेला आहे. पुढे महिनाभर ती पार्टी फोनवर हसत होती. `gadi` ची 'गादी' होते, `dar` चं 'दार'. आणि मराठी रोमनमध्येच लिहीत असाल तर तुमचं स्वतःचं वाक्य `udya jail` असं दिसतं हे एकदा डोळ्यासमोर आणा. मॅडमना वाटेल, कोणाला अटक झाली? म्हणून धंद्याचा निरोप मी देवनागरीतच लिहिते. बोलून टाइप करते तेव्हाही परत वाचते, कारण बोलून टाइप केलेल्या मजकुरात आकडे हमखास बिघडतात. 'पाच प्लाय' चं काय होईल ते सांगता येत नाही.

पाठवण्याआधी मी पूर्ण निरोप वाचत नाही, तेवढा वेळ नसतो. तीन गोष्टी वाचते: आकडा, वार आणि नाव. र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर कोणी काही म्हणत नाही. 2000 चे 200 झाले तर तुमची गाडी जवळजवळ रिकामी जाते. आडनाव चुकलं तर माणूस दुखावतो, आणि तो बोलून दाखवत नाही हे जास्त वाईट.

निसटलेला निरोप सावरायला थोडा वेळ मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, मात्र तो दुरुस्त केल्याची खूण समोरच्याला दिसते. आयफोनच्या मेलमध्ये पाठवलेलं परत ओढून घ्यायला मुळात 10 सेकंद असतात, ते सेटिंगमध्ये 30 पर्यंत वाढवता येतात. मी ते वाढवून ठेवलंय. बऱ्याच चुका पाठवल्यावर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच लक्षात येतात, फोन खिशात घालता घालता. आकड्याची चूक मात्र मी गुपचूप दुरुस्त करत नाही. नवीन निरोप टाकते: 'वरचे 200 नव्हे, 2000.' कारण त्यांनी पहिला निरोप आधीच पुढे ढकललेला असू शकतो. तिकडे गेलेली प्रत दुरुस्त होत नाही.

मेलच्या तळाशी आपोआप येणाऱ्या `Sent from my iPhone` बद्दलही तुम्ही विचार करत असाल. 2012 मध्ये कार आणि स्टेफनियाक या दोन अमेरिकन संशोधकांनी यावर अभ्यास केला होता. मेलमध्ये चुका असतील तेव्हा खाली ती ओळ असली, तर वाचणारे लिहिणाऱ्याला थोडं सांभाळून घेतात, असं त्यात दिसलं. म्हणजे ती ओळ टायपिंगच्या चुकांना थोडी माफी मिळवून देते. राहिलेल्या उत्तराला ती माफी मिळत नाही, हे मी माझ्याकडून सांगते. साठ बॉक्सचं विसरलात तर फोनवरून लिहिलं होतं हे कारण कोणी ऐकत नाही. मी त्या जागी नाव, कारखान्याचं नाव आणि नंबर ठेवला आहे. नवीन माणसाकडे मेल फॉरवर्ड झाला तर तो शोधत बसत नाही.

रोज तेच तेच लिहावं लागत असेल तर शॉर्टकट करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तिरपी रेघ `/` टाइप केली की साठवलेली उत्तरं समोर येतात. माझ्याकडे 'गाडी निघाली' चं एक आहे, त्यात गाडी नंबर, ड्रायव्हरचा नंबर, नग आणि पोहोचण्याचा वार यांच्या जागा रिकाम्या आहेत. रिकाम्या जागा दिसल्या की भरायच्या राहत नाहीत. साठवलेलं उत्तर गोड शब्दांचं करू नका. 'आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद' दिवसातून चार वेळा एकाच माणसाला गेलं की त्याला कळतं, हे मशीन बोलतंय.

आता हे सगळीकडे सारखं लागू नाही. तुमच्या वडिलांचे जुने गिऱ्हाईक असतील, तेच 'पाठव रे 500' असं लिहीत असतील, तर त्यांना 'हो काका, शुक्रवारी' एवढंच बरं. तिथे तीस शब्द लिहिलेत तर त्यांना वाटेल पोरगं रुसलंय. उलट मोठ्या कंपनीत जिथे एका मेलवर सहा जणांची नावं असतात, तिथे प्रत्येक वाचणारा अनोळखी धरून लिहा, आणि ऑर्डरचा नंबर टाका. किती लिहायचं ते ठरवायला मी एक ठोकळ खूण वापरते: समोरच्याने जेवढे प्रश्न विचारले तेवढी उत्तरं, आणि लांबी त्याच्यापेक्षा फार कमी नको. त्याने चार ओळी लिहिल्या आणि मी दोन शब्द, तर तोल जातो. त्याने दोन शब्द लिहिले आणि मी दोन, तर बरोबरी झाली. रात्री उशिरा आलेल्या निरोपाला तिथल्या तिथे उत्तर द्यायची घाई मी करत नाही. सकाळचं पूर्ण उत्तर रात्रीच्या अर्ध्यापेक्षा चांगलं वाचलं जातं.

आणि काही वेळा लिहूच नका. साठ बॉक्ससारख्या गोष्टीत समोरचा चिडलेला आहे असं निरोपावरून वाटलं तर फोन करा, दोन मिनिटं बोला आणि फोन ठेवल्यावर ठरलं ते एका ओळीत लिहून टाका: 'बोललो त्याप्रमाणे 60 बॉक्स पुढच्या गाडीत बदलून.' ही ओळ कोरडी असली तरी चालते, कारण गोडी फोनवर होऊन गेलेली असते.

राहिलं या मॅडमचं. वडिलांकडून माफी पोहोचवू नका, तसं केलंत तर पुढच्या वेळीही त्या वडिलांनाच फोन करतील. माल पोहोचला असेल तर तुमच्याच फोनवरून लिहा. प्लेट झिजलेली निघाली असं मी धरते, तुमच्याकडे वेगळं निघालं असेल तर ते लिहा:

"मॅडम, 2000 बॉक्स मिळाले ना? परवा तुमच्या तिन्ही प्रश्नांना मी नीट उत्तर दिलं नाही, चुकलं. पुसट 60 चं कारण प्लेट झिजली हे आहे, नवीन केली. ते 60 शनिवारच्या गाडीत बदलून देतो. दरांचं पत्रक मेल केलंय, 1 तारखेनंतरच्या ऑर्डरपासून लागू."

आणि शनिवारी गाडी सुटली की गाडी नंबर.